शीटमध्ये भाडं वाढवलं आणि दुकानदाराची बाकी 40,400 झाली

सुदामानगरची_सून

नमस्कार मंडळी. आमचं घर इंदौरला सुदामा नगरात. खाली रस्त्याच्या बाजूला एक दुकान (स्टेशनरी आणि झेरॉक्स), वर एक कुटुंब, मागच्या अंगाला तीन खोल्या, त्यात शिकणारी मुलं. म्हणजे पाच भाडेकरू. सासरे होते तोवर सगळं त्यांच्या लाल वहीत. आता वही माझ्याकडे आली आहे आणि मी ती एक्सेलमध्ये घेतली.

माझी शीट साधी आहे. प्रत्येक भाडेकरूची एक ओळ. नाव, भाडं, किती महिने झाले, आतापर्यंत एकूण जमा, आणि शेवटी बाकी. बाकी म्हणजे भाडं गुणिले महिने, वजा जमा.

जुलैत दुकानाचं भाडं करारानुसार 8 टक्क्यांनी वाढलं. 12,960 चं झालं 14,000 (खरं तर 13,996 रुपये 80 पैसे होतात, पण सासऱ्यांच्या वेळेपासून दहाच्या पटीत घ्यायचं ठरलेलं आहे). मी भाड्याच्या चौकोनात 14,000 घातलं आणि बाकी आली 40,400. मी तशीच जाऊन सांगितली. दुकानदार पंचवीस महिन्यांपासून आहे, कधी भाडं चुकवलेलं नाही. त्याने गल्ल्याखालून डायरी काढली आणि म्हणाला, "भाभीजी, ये चालीस हजार किस बात के?" चार गिऱ्हाइकं उभी होती. मला उत्तर देता आलं नाही.

कुठे चुकतंय? आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून शीट कशी मांडायची?

---

बडोदेकर_नाना

ताई, दुकानदार भांडायला लागला म्हणजे त्याची नियत फिरली. आमच्या रावपुऱ्यातल्या घरात एक जण बावीस वर्षांपासून आहे, भाडं अजून तीन आकडी. आधी पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का ते बघा, करार नवा करा, आणि पुढच्या वेळी वकिलाला बरोबर घेऊन जा. एकदा का माणूस जुना झाला की हलत नाही.

---

सुदामानगरची_सून

नाना, तो हलावा असं मला मुळीच वाटत नाही. माणूस चांगला आहे. चुकतंय माझ्या शीटमध्ये.

---

लष्करची_शमा

मी ग्वाल्हेरला चार खोल्यांचा हिशेब ठेवते. चूक उघड आहे. तुम्ही आजचं भाडं मागच्या सगळ्या महिन्यांना लावलंत. मी काय करते, दर वर्षी एप्रिलमध्ये फाइलची कॉपी काढते, त्यात नवीन भाडं भरते, आणि मागची बाकी पहिल्या ओळीत हाताने लिहिते. जुन्या फाइलला हात लावायचा नाही. झालं.

---

सुदामानगरची_सून

शमाताई, हे पटलं. पण माझ्याकडे दुकान जुलैत वाढतं, वरचं कुटुंब नोव्हेंबरात, मुलांच्या खोल्या आली तशा. मग एप्रिलच्या फाइलमध्ये मधेच भाडं बदललं की पुन्हा तेच नाही का होणार?

---

लष्करची_शमा

हं. माझ्याकडे सगळ्यांची वाढ एप्रिललाच आहे, म्हणून कधी अडलं नाही.

---

रोकडवही

सूनबाई, मी तीस वर्षं एका पतसंस्थेत खाती लिहिली. शमाताईंनी रोग बरोबर ओळखला, औषध मात्र त्यांच्याच घरापुरतं आहे.

आधी तुमचा आकडा तपासू. पंचवीस महिने गुणिले 14,000 म्हणजे 3,50,000. तुमची बाकी 40,400 आली म्हणजे जमा 3,09,600 असणार. बरोबर? आता प्रत्येक महिन्याला त्या महिन्याचं भाडं लावा. जुलै 2023 पासून बारा महिने 12,000 प्रमाणे 1,44,000. पुढचे बारा महिने 12,960 प्रमाणे 1,55,520. आणि या जुलैचे 14,000. एकूण मागणी 3,13,520. त्यातून जमा वजा केली की बाकी राहते 3,920. उरलेले 36,480 शीटने हवेतून काढले.

आणखी एक सांगतो, राग मानू नका. ही चूक या जुलैत झालेली नाही. शीटमध्ये दुकानाचे 12,960 घातलेत तेव्हाच तिने पहिल्या वर्षाचे 11,520 जास्त दाखवले असणार. तेव्हा कोणी बाकी मागायला गेलं नाही, म्हणून कळलं नाही.

आता मांडणी. भाडेकरूच्या ओळीत भाडं लिहायचंच नाही. तीन वेगळी पानं करा.

पहिलं पान "दर". भाडेकरूचा कोड, कोणत्या तारखेपासून, किती. दुकानाच्या तीन ओळी होतील: 1 जुलै 2023 ला 12,000, 1 जुलै 2024 ला 12,960, 1 जुलै 2025 ला 14,000. भाडं वाढलं की खाली नवी ओळ लिहायची, जुनी खोडायची नाही.

दुसरं पान "मागणी". दर महिन्याला प्रत्येक भाडेकरूची एक ओळ: कोड, महिन्याची पहिली तारीख, दर कधीपासूनचा, आणि रक्कम. तिसरा आणि चौथा रकाना सूत्राने भरायचा.

```
C2: =MAXIFS('दर'!B:B,'दर'!A:A,A2,'दर'!B:B,"<="&B2)
D2: =SUMIFS('दर'!C:C,'दर'!A:A,A2,'दर'!B:B,C2)
```

पहिलं सूत्र त्या महिन्यापर्यंत लागू झालेली शेवटची तारीख शोधतं, दुसरं त्या तारखेचा दर आणतं. त्यामुळे 2023 च्या ओळी 12,000 वरच राहतात, तुम्ही आज काहीही भरा.

तिसरं पान "जमा". कोड, तारीख, प्रकार, रक्कम, कसे दिले. पैसे हातात आले की एक ओळ, मग ते अर्धे असोत की आगाऊ.

बाकी काढायची ती या दोन पानांच्या फरकातून. ते सूत्र नंतर देतो, कारण त्याआधी डिपॉझिटबद्दल विचारायचं आहे. ते कुठे लिहिलंय?

---

सुदामानगरची_सून

काका, डोळे उघडले. 3,920 तरी कुठून आले तेही सापडलं. मागच्या वर्षी वाढ जुलैत होती, पण त्याने जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर जुनेच 12,000 दिले, ऑक्टोबरपासून 12,960. म्हणजे 960 चे तीन, 2,880. आणि या जुलैचेही 12,960 च दिले, 1,040 कमी. बेरीज बरोबर 3,920.

डिपॉझिटचं म्हणाल तर मी ते जमेतच धरलं. पैसे आलेच होते ना.

---

रोकडवही

दुकानाचंही?

---

सुदामानगरची_सून

नाही, दुकानाचे 36,000 सासऱ्यांनी वहीत वेगळ्या पानावर लिहिले होते, म्हणून वेगळे राहिले. मुलांचे मी घेतले, ते जमेत गेले.

---

रोकडवही

मग सांगा, कोणी मुलगा एवढ्यात सोडून गेला का?

---

सुदामानगरची_सून

बरोबर नेमकं तिथेच बोट ठेवलंत. मागच्या खोलीतला एक. जानेवारीत आला, भंवरकुआंला क्लासला जायचा. भाडं 4,500, डिपॉझिट दोन महिन्यांचं 9,000. जून आणि जुलैचं भाडं त्याने दिलं नाही. माझी शीट त्याची बाकी शून्य दाखवत होती, म्हणून मी मागितलंही नाही. 31 जुलैला किल्ली दिली आणि म्हणाला, आंटी, डिपॉझिट में कट गया ना. मी हो म्हटलं. मग सबमीटर बघितला तर 1,340 रुपयांची लाईट बाकी, आणि बाथरूमचा नळ मोडलेला. हातात काहीच उरलं नव्हतं.

---

रोकडवही

हेच. डिपॉझिट हे तुमचं उत्पन्न नव्हे, ते त्याचे पैसे तुमच्याकडे ठेवलेले. जमेत धरलं की शीट समजते मुलगा दोन महिने पुढे आहे. जूनमध्ये खरी बाकी 4,500 होती आणि ती तेव्हाच दिसली असती, तर तुम्ही जुलै उजाडायच्या आत विचारलं असतं.

"जमा" पानावर प्रकाराचा रकाना म्हणूनच आहे. त्यात भाडे, लाईट, डिपॉझिट, सूट एवढेच शब्द ठेवा. बाकीचं सूत्र डिपॉझिट वगळून:

```
=SUMIFS('मागणी'!D:D,'मागणी'!A:A,A2,'मागणी'!B:B,"<="&TODAY())
 -SUMIFS('जमा'!D:D,'जमा'!A:A,A2,'जमा'!C:C,"<>डिपॉझिट")
```

आणि शेजारच्या रकान्यात फक्त डिपॉझिट:

```
=SUMIFS('जमा'!D:D,'जमा'!A:A,A2,'जमा'!C:C,"डिपॉझिट")
```

डिपॉझिटमधून भाडं कापायचं असेल तर एकाच तारखेला दोन ओळी. एक डिपॉझिट, उणे 9,000. दुसरी भाडे, अधिक 9,000. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, नवे आले नाहीत. लाईटचे 1,340 मागणीच्या पानावर हाताने एक ओळ घालून लिहा. मग त्या मुलाची डिपॉझिट शिल्लक शून्य आणि बाकी 1,340 दिसेल, म्हणजे खरं काय ते. येतील की नाही हा प्रश्न वेगळा.

---

बडोदेकर_नाना

येणार नाहीत.

---

विजयनगर_३०२

मी आयटीत आहे, एक फ्लॅट भाड्याने दिलाय. एवढं करण्यापेक्षा वाढ सूत्रानेच का नाही? पहिलं भाडं आणि तारीख घ्या, दर 11 महिन्यांनी 1.08 ने गुणा. करार 11 महिन्यांचा असतो म्हणून वाढही 11 महिन्यांनीच असते. आणि डिपॉझिटही त्याच प्रमाणात वाढतं. दुकानाचं आता तीन महिन्यांप्रमाणे 42,000 हवं, म्हणजे 6,000 वर मागून घ्या.

---

रोकडवही

विजयनगरकर, तुमच्या करारात तसं असेल. करार 11 महिन्यांचा करतात तो नोंदणीमुळे. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. वाढ कधी होणार हे कलम वेगळं, ते कागदावर जे लिहिलंय तेच. सूनबाईंच्या दुकानाची वाढ दर जुलैला आहे. 11 महिन्यांनी धरली असती तर पहिली वाढ जून 2024 ला आणि दुसरी मे 2025 ला आली असती, दर वर्षी एक महिना मागे सरकत. आणि मधे एखाद्या वर्षी माणसं वाढ घेतच नाहीत, किंवा 8 ऐवजी 5 वर तडजोड होते. सूत्राला ते कुठून कळणार? म्हणून दराची ओळ हाताने. वर्षातून पाच ओळी, त्यात कसला त्रास.

डिपॉझिटचं तसंच. कागदावर "36,000 रुपये" लिहिलं असेल तर तेवढंच. "तीन महिन्यांचं भाडं" लिहिलं असेल तर 6,000 मागता येतील.

---

सुदामानगरची_सून

कागद काढला. "डिपॉझिट रुपये 36,000" एवढंच आहे. सोडून दिलं.

काल रात्री बसून सगळं भरलं. दोन तास गेले आणि दोन ठिकाणी अडकले. सूत्र घातलं की सगळीकडे `#NAME?` येतंय. ह्यांच्या लॅपटॉपवर 2016 चं एक्सेल आहे.

---

विजयनगर_३०२

MAXIFS एक्सेल 2019 पासून आहे, जुन्यात ते सूत्रच नाही. C2 मध्ये हे घाला:

```
=AGGREGATE(14,6,'दर'!B$2:B$200/(('दर'!A$2:A$200=A2)*('दर'!B$2:B$200<=B2)),1)
```

200 ओळी पुरतील तुम्हाला. उत्तर पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, त्या रकान्याचं स्वरूप तारीख करा. किंवा लिब्रे ऑफिस टाका, फुकट आहे आणि त्यात MAXIFS चालतं.

---

सुदामानगरची_सून

चाललं! दादा, धन्यवाद. आता दुसरी अडचण. दुकान बरोबर येतंय, पण वरच्या कुटुंबाच्या नोव्हेंबरनंतरही जुनाच दर. आणि एका खोलीचं भाडं 4,500 ऐवजी 9,000 दिसतंय.

---

विजयनगर_३०२

वरच्या कुटुंबाची दराची तारीख कशी लिहिलीत? 01.11.2024 अशी, टिंब देऊन?

---

सुदामानगरची_सून

हो. सासरे तशीच लिहायचे.

---

विजयनगर_३०२

आपल्याकडच्या सेटिंगमध्ये टिंबाची तारीख एक्सेल तारीख मानत नाही, अक्षरं मानतं. मग ती कुठल्याच महिन्याच्या आधीची ठरत नाही. रकान्याला डावं-उजवं काही न लावता नुसतं बघा, खरी तारीख उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे. 1/11/2024 असं लिहा, आणि लिहून झाल्यावर महिना नोव्हेंबरच आहे ना हेही बघा. सेटिंग अमेरिकन असेल तर ते 11 जानेवारी होतं, आणि गंमत म्हणजे उजवीकडेच चिकटतं.

---

लष्करची_शमा

आणि 9,000 चं मी सांगते. "दर" पानावर त्या खोलीची तीच ओळ दोनदा पडली असेल. SUMIFS बेरीज करतं, एक निवडत नाही. माझ्याकडे विजेच्या हिशेबात असंच झालं होतं, भाडेकरू तीन दिवस बोलला नव्हता.

---

सुदामानगरची_सून

शमाताई, दोनदाच होती! आणि डावीकडे चिकटलेल्या चार तारखा सापडल्या. चारही माझ्याच हातच्या.

आता मुद्द्याचं. 3,920 घेऊन परत दुकानात गेले, आधी माफी मागितली. या जुलैचे 1,040 त्याने तिथेच दिले, म्हणाला वाढ विसरलो होतो. पण मागच्या वर्षीच्या 2,880 बद्दल म्हणतो, त्या तीन महिन्यांत दुकानाला रंग त्याने स्वतः दिला होता आणि बाबूजींनी वाढ ऑक्टोबरपासून दे असं सांगितलं होतं. वहीत बघितलं. सप्टेंबरच्या पानावर सासऱ्यांच्या अक्षरात कोपऱ्यात "रंग" एवढाच शब्द आहे. रक्कम नाही, सही नाही.

---

रोकडवही

हा शब्द फार मोलाचा आहे, त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

सूट द्यायची ठरवलीत तर दर बदलू नका. ऑक्टोबर 2024 पासून 12,960 असं लिहिलंत तर कराराशी जुळणार नाही, आणि पुढच्या वाढीचा महिना कोणता यावर नवा वाद उभा राहील. "जमा" पानावर प्रकार "सूट", 2,880, आणि शेवटच्या रकान्यात "रंगकाम, बाबूजींच्या शब्दावर". बाकी शून्य होईल आणि कारणही राहील.

---

बडोदेकर_नाना

सूट कसली? कागदावर जुलै आहे ना. मेलेल्या माणसाच्या शब्दावर कोणीही काहीही सांगेल. ताई, आज 2,880 सोडाल, उद्या तो प्लंबिंगचे सांगेल. सोडू नका. दर महिन्याला जे पैसे येतात ते आधी जुन्या बाकीत वळवा, म्हणजे बाकी नेहमी चालू महिन्याची दिसेल. भाड्याची थकबाकी तीन वर्षांनी कोर्टात मागता येत नाही, हे ठाऊक आहे ना?

---

रोकडवही

नाना, तीन वर्षांचं तुमचं बरोबर आहे, 1963 च्या मुदत कायद्यात तसंच आहे. म्हणजे जुलै 2024 चे 960 मागायला जुलै 2027 पर्यंत वेळ आहे. पण वळवण्याचं एवढं सोपं नाही. 1872 च्या करार कायद्यात तीन कलमं आहेत, 59 ते 61. पैसे देणाऱ्याने "हे ऑगस्टचं भाडं" असं सांगून दिलं आणि तुम्ही घेतलं, तर ते ऑगस्टलाच लागतं. त्याने काही सांगितलं नसेल तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवलं नाही तर जुनं आधी. आता बघा, हा दुकानदार मोबाईलवरून पैसे पाठवताना खाली काय लिहितो?

---

सुदामानगरची_सून

प्रत्येक वेळी "अगस्त किराया", "जुलाई किराया". अगदी महिना घालून.

---

रोकडवही

मग तो त्या महिन्याचाच. एकूण बाकीच्या आकड्याला काही फरक पडत नाही, पण जुनी बाकी जुनीच राहते. "जमा" पानावर "कसे दिले" च्या शेजारी त्याने लिहिलेला शब्द जसाच्या तसा उतरवत जा.

---

बडोदेकर_नाना

मग मी म्हणतो तेच, लेखी मागा.

---

लष्करची_शमा

मला नानांचं पटत नाही. तीन हजारांसाठी चांगला भाडेकरू कोण गमावतं? पण सून म्हणून तुमची पंचाईत कळते. सूट दिलीत तर घरात कोणी विचारेल, न दिलीत तर तो बोलणार.

---

सुदामानगरची_सून

ह्यांना विचारलं. म्हणाले, बाबांनी रंगवाल्याला पैसे दिल्याचं आठवत नाही, म्हणजे दुकानदाराने दिले असतील. सासूबाई म्हणाल्या, रंग तर आपण दिवाळीला देतो, सप्टेंबरात कुठून आला. रविवारी दुकानाची आतली भिंत बघायला जाणार आहे. तोपर्यंत 2,880 बाकीतच दिसतायत, सूटची ओळ लिहिलेली नाही.

मागच्या खोलीत नवा मुलगा येतोय एक तारखेला. त्याचे 9,000 आज आले. प्रकाराच्या रकान्यात "डिपॉझिट" लिहिलं, मग पुन्हा एकदा वाचून बघितलं.